हवामानाचा नकाशा, समदाब रेषा आणि येणारी शीत आघाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवामानाचे नकाशे नव्याने वाचू लागलेल्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: नकाशावर निळ्या त्रिकोणांची रेषा आपल्या दिशेने सरकताना दिसली, तर वारा कुठून कुठे वळेल, कधी वळेल आणि त्याच्यासोबत काय येईल. उत्तरं त्याच रोखाने लिहिली आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे उत्तर गोलार्ध धरावा.

१. नकाशावरच्या वळणावळणाच्या रेषा नक्की काय दाखवतात?

त्या समदाब रेषा. जुन्या पुस्तकांत त्यांना समभार रेषाही म्हटलेलं आढळेल. एका रेषेवरच्या सगळ्या ठिकाणी, त्या ठरावीक वेळी, हवेचा दाब सारखा असतो. रेषेवर १००८ लिहिलं असेल, तर तिच्यावर सगळीकडे दाब १००८ हेक्टोपास्कल आहे. (मिलिबार आणि हेक्टोपास्कल एकच, फक्त नाव बदललं.) बऱ्याच नकाशांवर रेषा चार-चार हेक्टोपास्कलच्या अंतराने काढतात: १०००, १००४, १००८, १०१२. काही ठिकाणी दोन-दोनच्या अंतरानेही काढतात, म्हणून रेषा दाट आहेत की विरळ हे ठरवण्याआधी आकडे वाचावेत. नकाशात L म्हणजे कमी दाबाचं केंद्र आणि H म्हणजे जास्त दाबाचं.

२. माझ्या बॅरोमीटरवर ९५५ दिसतं आणि नकाशावर माझ्या गावावरून १०१२ ची रेषा जाते. यंत्र बिघडलं का?

बहुधा नाही. तुम्ही समुद्रसपाटीपासून उंचावर राहता. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलने कमी होतो. पाचशे मीटर उंचीवर ही घट सुमारे ५८ भरते. नकाशा काढताना प्रत्येक ठिकाणचा दाब समुद्रसपाटीचा करून घेतात, नाहीतर समदाब रेषा म्हणून नुसता डोंगरदऱ्यांचाच नकाशा उमटला असता. आघाडी ओळखायला तुमच्या यंत्राचा मूळ आकडा फारसा लागत नाही. तो चढतोय की उतरतोय आणि किती झपाट्याने, ते बघा.

३. वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो असं शाळेत शिकलो. मग नकाशावर तो रेषांना जवळजवळ समांतर का दाखवतात?

शाळेत शिकलात ते सुरुवातीच्या ढकलीबद्दल खरं आहे. दाबातला फरक हवेला कमी दाबाकडेच ढकलतो. पण हवा चालू लागली की पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती उजवीकडे वळते, दक्षिण गोलार्धात डावीकडे. यालाच कोरिऑलिस परिणाम म्हणतात. वेग वाढतो तसा हा कल वाढत जातो, आणि शेवटी उजवीकडची ओढ दाबाच्या ढकलीइतकीच होते. तेव्हा हवा रेषा ओलांडायच्या ऐवजी रेषेच्या कडेने वाहू लागते, कमी दाब डाव्या हाताला ठेवून.

जमिनीपासून साधारण सहाशे ते हजार मीटर उंचीवर हे बऱ्यापैकी असंच घडतं. खाली मात्र झाडं, घरं आणि टेकड्या वाऱ्याचा वेग खातात. वेग घटला की उजवीकडची ओढही घटते, दाबाची ढकल मात्र तेवढीच राहते. ती वरचढ ठरते आणि वारा कमी दाबाकडे थोडा कलतो: समुद्रावर साधारण दहा ते वीस अंश, जमिनीवर तीस अंशांच्या आसपास, खडबडीत प्रदेशात त्याहून जास्त.

हा कल डोळ्यांनी दिसतो. चेहऱ्यावर वारा घेऊन उभे राहा आणि वर खालच्या थरातले ढग कुठून येतात ते पाहा. ते वाऱ्याच्या थोडे उजवीकडून येताना दिसतील. ते ढग समदाब रेषेच्या कडेने चाललेत आणि तुमच्या चेहऱ्यावरचा वारा ती रेषा ओलांडतोय.

४. नुसत्या समदाब रेषा पाहून माझ्या ठिकाणची वाऱ्याची दिशा कशी काढायची?

डच हवामानशास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी १८५७ मध्ये मांडलेला नियम अजूनही पुरेसा आहे: वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला असतो. दक्षिण गोलार्धात उजव्या हाताला.

नकाशावर हेच उलट वापरायचं. तुमच्या ठिकाणाजवळच्या रेषेवर बोट ठेवा. रेषेच्या कोणत्या बाजूला दाब कमी आहे ते आकड्यांवरून बघा. आता रेषेवरून चालतोय अशी कल्पना करा, कमी दाब डाव्या हाताला ठेवून. चालायची ती दिशा म्हणजे वरच्या हवेची दिशा. मग ती तीस अंशांनी डावीकडे, म्हणजे कमी दाबाकडे, झुकवा. हा झाला जमिनीवरचा वारा.

एक चूक फार लोक करतात. वाऱ्याचं नाव तो कुठे जातो यावरून नाही, कुठून येतो यावरून ठेवतात. ईशान्येकडे जाणारा वारा नैऋत्येचा वारा असतो. दिशा बरोबर काढून शेवटी नाव उलटं लिहिलेली उत्तरं मी इतकी पाहिली आहेत, की आता कुणाच्याही वहीत आधी तेच तपासतो.

५. रेषा जवळजवळ असल्या की वारा जोराचा, हे कळलं. पण म्हणजे किती जोराचा?

अंदाज आकड्यात काढता येतो. पन्नास अंश अक्षांशावर चार हेक्टोपास्कलच्या दोन रेषांत २०० किलोमीटर अंतर असेल, तर वरच्या हवेचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर येतो. अंतर निम्मं झालं की वेग दुप्पट, अंतर दुप्पट झालं की वेग निम्मा. जमिनीवर त्याच्या निम्मा धरा, मोकळ्या समुद्रावर दोन-तृतीयांश.

अक्षांश विसरू नका. विषुववृत्ताकडे जाल तसा कोरिऑलिस परिणाम क्षीण होतो, आणि तोल साधायला हवेला जास्त वेगाने वाहावं लागतं. तीस अंशांवर तेवढ्याच अंतराच्या रेषा पन्नास अंशांवरच्या दीडपट वेग दाखवतात. शिवाय रेषा कमी दाबाभोवती घट्ट वळलेल्या असतील तर खरा वेग या हिशोबापेक्षा कमी निघतो, जास्त दाबाभोवती वळलेल्या असतील तर थोडा जास्त.

६. निळ्या त्रिकोणांची रेषा म्हणजे शीत आघाडी. पण ‘आघाडी’ कशाची?

दोन वेगळ्या स्वभावाच्या हवांची. एका बाजूला उबदार, दमट हवा, दुसऱ्या बाजूला थंड, बहुधा कोरडी. त्या सहजासहजी मिसळत नाहीत. त्यांच्यातली सीमा जमिनीला टेकते तिथे ही रेषा काढतात. काही मराठी ग्रंथांत हिला शीत सीमापृष्ठ म्हटलं आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस नॉर्वेतल्या बर्गेन शहरात विल्हेल्म आणि याकोब ब्येर्कनेस या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह ही कल्पना मांडली. युद्धाच्या बातम्यांतल्या ‘आघाडी’ या शब्दावरूनच तिला हे नाव मिळालं.

त्रिकोणांची टोकं ज्या बाजूला, त्या बाजूला आघाडी सरकते. लाल अर्धवर्तुळं म्हणजे उष्ण आघाडी. दोन्ही चिन्हं एकाच बाजूला असली तर ती जांभळी संरुद्ध आघाडी: मागून आलेल्या शीत आघाडीने उष्ण आघाडीला गाठलेलं असतं. दोन्ही चिन्हं विरुद्ध बाजूंना असली तर आघाडी जवळजवळ जागच्या जागी आहे. काळ्या-पांढऱ्या छपाईत फक्त आकार बघायचा.

थंड हवा जड असल्याने ती उबदार हवेखाली पाचरीसारखी घुसते. चित्रांत ही पाचर भिंतीसारखी उभी दाखवतात, प्रत्यक्षात तिचा उतार फार सौम्य असतो: ५० ते १०० किलोमीटर मागे जावं तेव्हा सीमा एक किलोमीटर उंच भरते.

७. आघाडीवर येताच समदाब रेषा एकदम मोडल्यासारख्या का दिसतात?

कारण तिथे दाबाची द्रोणी असते. आघाडी येईपर्यंत दाब उतरतो आणि ती गेली की चढतो, म्हणून आघाडी हाच द्रोणीचा तळ. तिथे रेषांना कोन येतो आणि कोनाचं टोक कमी दाबाच्या केंद्रापासून दूर, जास्त दाबाकडे रोखलेलं असतं.

आता प्रश्न ४ मधला नियम या कोनाला लावून पाहा. रेषेची दिशा झटकन बदलली, म्हणजे वाराही झटकन वळणार. आघाडीपुढे दक्षिण किंवा नैऋत्येचा, आघाडीमागे पश्चिम किंवा वायव्येचा. वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळतो. दक्षिण गोलार्धात वायव्येचा वारा नैऋत्येचा होतो, म्हणजे काट्यांच्या उलट वळतो. कोन जितका तीक्ष्ण, तितकं हे वळण अचानक येतं. पावसाचा अंदाज चुकू शकतो, तापमानाचाही चुकतो, पण आघाडीच्या खुणांत मला सर्वांत भरवशाची वाटते ती ही, वाऱ्याच्या वळणाची.

८. शीत आघाडी जवळ येते तेव्हा साधारण काय काय घडतं, क्रमाने सांगाल का?

आधी काही तास हवा उबदार आणि दमट असते, वारा दक्षिण-नैऋत्येचा, बऱ्यापैकी स्थिर. बॅरोमीटर हळूहळू उतरत असतो. आकाश बऱ्याचदा पांढुरकं, दूरचं धूसर. मग क्षितिजावर पश्चिमेकडून ढगांची गडद कड दिसू लागते. आघाडी जोरकस असेल तर या कडेखाली फळीसारखा लांबट, सपाट ढग पुढे आलेला दिसतो. तो डोक्यावर यायच्या सुमारास वारा क्षणभर पडतो किंवा चंचल होतो.

आणि मग थंड झोत येतो. तो अंगावर येताना आधी झाडांच्या शेंड्यांतून ऐकू येतो. दहा-पंधरा मिनिटांत तापमान कित्येक अंश खाली येतं, वारा वळून पश्चिमेचा झालेला असतो आणि थेंब टपोरे पडू लागतात. घुसणाऱ्या पाचरीने उबदार हवा एकदम वर फेकली जाते, म्हणून ढग उंच वाढतात. हवा अस्थिर असेल तर क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी ढग तयार होऊन विजा आणि गाराही येतात. हा जोराच्या पावसाचा पट्टा बहुतेकदा अरुंद असतो आणि तासा-दीड तासात पुढे सरकतो.

बॅरोमीटरवर याच वेळी उतार संपून चढ सुरू होतो. कागदावर दाबाची नोंद काढणारं यंत्र असेल तर तिथे V सारखी खूण उमटते, आणि आघाडी गेल्याची वेळ त्या टोकावरून वाचता येते. त्यानंतरची हवा थंड, कोरडी आणि स्वच्छ. आदल्या दिवशी न दिसणाऱ्या टेकड्या रेखीव दिसतात. मधूनमधून सरी येतात, ऊन पडतं, पुन्हा सर येते, आणि वारा आता झटक्याझटक्यांनी वाहतो.

उष्ण आघाडीत हे असं नसतं. तिथे ढग एक दिवस आधीपासून उतरू लागतात आणि पाऊस संथ, लांबलेला असतो.

९. आघाडी माझ्याकडे किती वाजता पोहोचेल, हे मला स्वतःला काढता येईल का?

येतं, एक पट्टी आणि नकाशाचं प्रमाण पुरतं. एक कल्पित उदाहरण पूर्ण करून दाखवतो.

ठिकाण पन्नास अंश उत्तर अक्षांशावर. नकाशावर वेळ 06 UTC, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने सकाळचे सहा. आघाडी उत्तर-दक्षिण सरळ उभी, तुमच्या पश्चिमेला २४० किलोमीटर, त्रिकोण पूर्वेकडे. कमी दाब उत्तरेला. आघाडीपुढे रेषा नैऋत्य-ईशान्य जातात, आघाडीमागे वायव्य-आग्नेय. दोन्हीकडे दोन रेषांमधलं सरळ अंतर सुमारे २१० किलोमीटर.

आधी वेग. शीत आघाडीला मागची हवा ढकलते, आणि तिचा आघाडीशी काटकोनातला भाग म्हणजे आघाडीचा वेग. तो काढायची सोपी युक्ती: पट्टी आघाडीच्या रेषेवरच, तिच्याच दिशेने ठेवा आणि लागोपाठच्या दोन समदाब रेषा तिला कुठे छेदतात ते मोजा. इथे ते अंतर ३०० किलोमीटर येतं. प्रश्न ५ च्या हिशोबाने २०० ला सुमारे ५०, तर ३०० ला ताशी ३४ च्या आसपास. २४० ला ३४ ने भागलं की सात तास. आघाडी 13 UTC च्या सुमारास यावी. तुमच्या घड्याळाची वेळ यावरून काढा. आणि दीड-दोन तास इकडेतिकडे धरा, कारण मुळात आघाडीची जागाच नकाशावर वीस-तीस किलोमीटर पुढेमागे असू शकते.

आता वारा. आघाडीपुढे रेषेवरून चालताना डाव्या हाताला कमी दाब ठेवायचा, तर ईशान्येकडे चालावं लागतं. म्हणजे वरचा वारा नैऋत्येचा. तीस अंश डावीकडे झुकवला की जमिनीवर दक्षिण-नैऋत्येचा, ताशी पंचवीसच्या घरात. आघाडीमागे वरचा वारा वायव्येचा, जमिनीवर पश्चिम-वायव्येचा. म्हणजे एका झटक्यात वारा नव्वद अंश वळणार.

रेषांचं अंतर दोन्हीकडे सारखंच आहे, म्हणून सरासरी वेगही सारखाच येतो. तरी मागचा वारा जास्त जोराचा भासेल. थंड हवा तुलनेने उबदार जमिनीवरून जाताना खालून तापते, उकळल्यासारखी वरखाली होते, आणि वरच्या थरातला ताशी पन्नासचा वेग झोतांच्या रूपाने खाली आणते. पुढची उबदार हवा शांत थरांत वाहते, तिच्यात हे कमी घडतं.

शेवटी बॅरोमीटर. आघाडीच्या पुढे दाब तीनशे किलोमीटरला चार हेक्टोपास्कल उतरतोय आणि हे सगळं ताशी ३४ ने तुमच्याकडे सरकतंय. म्हणजे तासाला अर्ध्याहून थोडी कमी, सात तासांत सुमारे तीन हेक्टोपास्कलची घट. तुमचा बॅरोमीटर याच्या दुप्पट वेगाने उतरत असेल, तर कमी दाब खोल होतोय किंवा आघाडीने वेग घेतलाय. नकाशा जुना झाला, नवा बघा.

१०. मी तसाच हिशोब केला, पण आघाडी सहा तास उशिरा आली. कुठे चुकलं?

पहिल्यांदा नकाशाची वेळ तपासा. 00 UTC चा नकाशा सकाळी उघडून तो आत्ताचा आहे असं धरणं, ही सर्वांत नेहमीची चूक.

ती नसेल, तर आघाडीच्या शेपटीकडे बघा. कमी दाबाच्या केंद्रापासून दूर, जिथे समदाब रेषा आघाडीला जवळजवळ समांतर जातात, तिथे मागून ढकलणारं काही उरत नाही. पट्टी ठेवून मोजलंत तर छेदांमधलं अंतर फार मोठं येतं, म्हणजे वेग फार कमी. अशा जागी आघाडीवर लहानशी लाट तयार होते, नकाशात तिथे रेषेला फुगवटा दिसतो. त्या लाटेपुढचा तुकडा काही काळ उलटाही सरकतो, आणि तुम्ही तासन्‌तास पावसात राहता. डोंगररांगाही आघाडीला अडवून धरतात.

११. आघाडी गेली, वारा वळला, गारवा आला, पण पाऊस थेंबभरही नाही. असं कसं?

आघाडी हवा उचलते, पाणी आणत नाही. वर उचललेल्या हवेत बाष्पच नसेल तर ढग बनत नाहीत. काही आघाड्यांवर वरच्या थरांत कोरडी हवा पुढे धावून खाली उतरते आणि ढगांची वाढ खुंटवते. त्या आघाड्यांवर पातळ ढग आणि भुरभुर यापलीकडे काही मिळत नाही.

पण कोरडी आघाडी म्हणजे बिनधोक आघाडी, असं कृपया समजू नका. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात मेलबर्नचं तापमान ४६.४ अंशांवर गेलं होतं. वायव्येच्या तप्त वाऱ्याने वणवे आग्नेयेकडे लांबट, अरुंद पट्ट्यांत धावत होते. मग आघाडी आली आणि वारा नैऋत्येचा झाला. प्रश्न ७ मधलं दक्षिण गोलार्धातलं वळण ते हेच. त्या वळणाने वणव्याची लांबच लांब ईशान्य बाजू, जी तोपर्यंत नुसती कड होती, तीच आगीचं पुढचं तोंड बनली, आणि आग कित्येक किलोमीटर रुंदीने सरकू लागली. त्या दिवसाच्या वणव्यांत १७३ माणसं गेली. वणव्याजवळ काम करणारे लोक नकाशात पावसाच्या आधी वाऱ्याच्या वळणाची वेळ शोधतात, ते यासाठी.

१२. शीत आघाडी गेल्यावर आमच्याकडे तापमान चक्क वाढलं. नकाशा चुकला?

नकाशा बरोबर असू शकतो. हिवाळ्यात निरभ्र, शांत रात्री जमिनीलगत थंड हवेचा पातळ थर साचतो. त्याच्या वर हवा उबदार असते, पण ती तुमच्या तापमापकापर्यंत पोहोचत नाही. आघाडीचा वारा आला की तो थर ढवळून निघतो आणि जमिनीवरचं तापमान काही काळ चढतं. आघाडी दुपारी येऊन मागे कडक ऊन पडलं, किंवा हवा डोंगर उतरून येत असली, तरी असं होतं. अशा वेळी तापमान सोडा आणि दवबिंदू बघा, म्हणजे ज्या तापमानापर्यंत हवा गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचं दव होऊ लागतं ते तापमान. तो घसरला असेल तर हवा बदलली.

१३. वादळी पाऊस होऊन गेला, वारा वळला, मग तासाभरात पुन्हा उकाडा. आघाडी गेली की नाही?

बहुधा नाही. आघाडीच्या शे-दोनशे किलोमीटर पुढे उबदार हवेत गडगडाटी ढगांची स्वतंत्र रांग उभी राहू शकते. तिच्याखालून सुटलेली थंड हवा आघाडीची हुबेहूब नक्कल करते: झोत, गारवा, बॅरोमीटरची उसळी. फरक नंतर कळतो. ढगांच्या रांगेनंतर वारा पुन्हा दक्षिणेचा होतो, दवबिंदू पूर्ववत होतो आणि बॅरोमीटर पुन्हा उतरू लागतो. खऱ्या आघाडीनंतर वारा वळलेलाच राहतो, दाब चढतच जातो.

१४. उष्ण कटिबंधाच्या नकाशांवर आघाड्या क्वचितच का दिसतात?

तिथे शेजारशेजारच्या हवांच्या तापमानात एवढा फरकच नसतो की सीमा काढावी. पाऊस येतो तो दमट वारे एकत्र येण्यातून, दिवसाच्या तापण्यातून आणि चक्रीवादळांतून. दाबाचे फरकही लहान असतात, म्हणून तिथल्या नकाशांवर दोन-दोन हेक्टोपास्कलच्या रेषा जास्त कामाच्या. विषुववृत्ताच्या अगदी जवळ तर प्रश्न ४ चा नियमच लागू पडत नाही आणि वारा रेषा सरळ ओलांडतो. तिथे समदाब रेषा बाजूला ठेवून थेट वाऱ्याच्या नोंदी वाचाव्यात. मध्य अक्षांशांतली एखादी आघाडी हिवाळ्यात इतकी खाली उतरलीच, तर पाऊस संपलेला असतो, तापमानाचा फरकही बराचसा विरलेला असतो, आणि उरते ती वाऱ्याची बदललेली दिशा आणि उतरलेला दवबिंदू.